अर्धा दिवस रजा, पण कोणता अर्धा?

"साहेब, उद्या मला हाफ डे पाहिजे." कार्यालयात हे वाक्य रोज ऐकू येतं आणि बहुतेक वेळा साहेबही मान हलवून "ठीक आहे" म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला टेबल रिकामं दिसलं की शेजारचा म्हणतो, "दुपारी जाणार होता ना?" साहेबांना वाटत असतं, सकाळी येणार नाही असं बोलणं झालं होतं. ज्याची रजा आहे तो दवाखान्यात रांगेत बसलेला असतो आणि फोन सायलेंटवर असतो. रजा मागितली, मंजूरही झाली. सांगायचं राहिलं ते एवढंच, की दिवसाच्या कोणत्या भागात हा माणूस जागेवर नसेल.

अर्धा दिवस रजेचे अर्ज वाचले तर बहुतेकांत कारण सविस्तर लिहिलेलं असतं. मुलाच्या शाळेतली पालकसभा, आईचं रक्त तपासणं, बँकेतलं काम, घरी पाहुणे. 'सकाळचे सत्र' किंवा 'दुपारचे सत्र' हे दोन शब्द मात्र नसतात. माझं मत असं आहे की या अर्जात कारणापेक्षा हे दोन शब्द जास्त महत्त्वाचे आहेत. कारण "खासगी काम" एवढं लिहिलं तरी सहसा चालून जातं. सत्र लिहिलं नाही तर हजेरीपट, कामाची वाटणी आणि रजेचा हिशेब या तिन्ही ठिकाणी गोंधळ होतो.

आधी दिवस कुठे दुभागतो ते पाहू. केंद्र सरकारच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत: अर्ध्या दिवसाच्या नैमित्तिक रजेसाठी जेवणाची सुट्टी ही सीमारेषा. कार्यालय सकाळी ९ ते संध्याकाळी साडेपाच आणि जेवणाची सुट्टी १ ते दीड असेल, तर सकाळच्या सत्राची रजा घेतलेल्याने दीड वाजता जागेवर असायला हवं. दुपारच्या सत्राची रजा असलेला १ वाजता निघू शकतो. या वेळापत्रकात दोन्ही बाजूंना बरोबर चार-चार तास येतात, म्हणून इथे फारसा प्रश्न उभा राहत नाही.

महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांत चित्र थोडं वेगळं आहे. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा आला आणि कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. जेवणासाठी १ ते २ या तासातला अर्धा तास मिळतो. एखाद्या शाखेत हा अर्धा तास १ ते दीड असेल, तर सकाळचा भाग सव्वातीन तासांचा होतो आणि दुपारचा पावणेपाच तासांचा. दुसऱ्या शाखेत दीड ते २ असेल, तर हाच हिशेब पावणेचार आणि सव्वाचार असा होतो. खात्यातून रजा मात्र दोन्हीकडे अर्धीच वजा होते. म्हणूनच "दुपारनंतर नाही" हे सांगणं राज्याच्या कार्यालयात पुरत नाही. आपल्या शाखेची सुट्टी कधी सुरू होते ते पाहून "दुपारी १ वाजता कार्यालय सोडेन" किंवा "दीड वाजता हजर होईन" असं घड्याळ धरून लिहिलेलं बरं.

घड्याळ धरून लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्या बोलण्यात "हाफ डे घेतो" आणि "हाफ डे करतो" हे दोन्ही प्रयोग चालतात. एकात रजेचा अर्धा भाग अभिप्रेत असतो, दुसऱ्यात कामाचा. "उद्या सकाळचा हाफ डे आहे" असा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर पाठवणारा सकाळी येणार की सकाळी येणार नाही? दोन्ही अर्थ तितकेच सरळ आहेत. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांत तर 'दुपारचे सत्र' म्हणजे आख्खी वेगळी पाळी. सकाळच्या पाळीतल्या बाईंनी "दुपारच्या सत्रात रजा" असं लिहिलं तर पर्यवेक्षक बुचकळ्यात पडणार, कारण दुपारच्या सत्रात त्यांना काही कामच नसतं. तिथे "मधल्या सुट्टीनंतर रजा" किंवा "पाचव्या तासापासून रजा" असंच लिहायला हवं. कारखान्यात दुसऱ्या किंवा तिसऱ्या पाळीला असणाऱ्यांचंही तसंच. रात्री अकराच्या पाळीत सकाळ-दुपार कुठून येणार? पाळीचा पहिला भाग की दुसरा, आणि किती वाजल्यापासून, हे सांगितलं तरच मुकादमाला माणूस बदलता येतो.

शाळेचं उदाहरण जरा उलगडून पाहण्यासारखं आहे, कारण सत्र न सांगितल्याचा परिणाम तिथे सर्वांत लवकर दिसतो. समजा, दिवसाला आठ तास आहेत आणि चौथ्या तासानंतर मोठी सुट्टी आहे. एका गणिताच्या सरांचे त्या दिवशी दुसरा, चौथा, सहावा आणि सातवा असे चार तास आहेत. परिपाठाच्या आधी पर्यवेक्षकांना बदली तासांचा कागद फलकावर लावायचा असतो. सरांच्या अर्जात फक्त "अर्धा दिवस" आहे. आता पर्यवेक्षक एकतर चारही तास दुसऱ्यांना वाटतील, म्हणजे दोन शिक्षकांचे मोकळे तास उगाच जातील, किंवा अंदाजाने सकाळचे दोन वाटतील. सर सकाळी आले आणि दुपारी गेले, तर दुसऱ्या तासाला एका वर्गात दोन शिक्षक उभे राहतील आणि सहाव्या तासाला नववीचा वर्ग रिकामा गोंगाट करत बसेल. "मधल्या सुट्टीनंतर रजा, सहावा व सातवा तास बदली हवा" एवढं लिहिलं असतं तर पर्यवेक्षकांचं काम मिनिटभरात झालं असतं.

सत्र लिहायचं हे मान्य केलं, तरी कोणतं निवडायचं हा प्रश्न उरतो आणि त्याचा विचार क्वचितच होतो. "सकाळी काम आहे, म्हणून सकाळची रजा" असं आपण सहज ठरवतो. पण बाहेरचं काम ठरलेल्या वेळेत संपेल याची खात्री किती, हे आधी पाहायला हवं. सकाळची रजा घेतली आणि काम लांबलं, तर ते कार्यालयाच्या वेळेत घुसतं. दुपारची रजा घेतली आणि काम लांबलं, तर ते आपल्याच संध्याकाळीत जातं. त्यामुळे लांबण्याची शक्यता असलेलं काम, उदाहरणार्थ दुय्यम निबंधक कार्यालयातली दस्त नोंदणी, शक्य असेल तर दुपारच्या सत्रात ठेवावं. अर्थात त्या कार्यालयाचं दुपारचं कामकाज केव्हा बंद होतं ते आधी विचारून. उपाशीपोटी द्यायचं रक्त मात्र सकाळीच द्यावं लागतं, आणि ते लवकर उरकतंही. तिथे सकाळचं सत्र योग्य.

डोळ्यांच्या तपासणीचं उदाहरण घेऊ. मधुमेह असलेल्यांना डॉक्टर वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायला सांगतात. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. थेंब घातल्यावर बाहुली मोठी व्हायला साधारण अर्धा तास लागतो आणि पुढे काही तास जवळचं धूसर दिसतं, उजेड डोळ्यांना सहन होत नाही. एका कारकुनाने सकाळी दहाची वेळ घेतली आणि सकाळच्या सत्राची रजा टाकली असं धरू. तपासणी बारापर्यंत संपली, दीड वाजता तो वेळेवर हजरही झाला. पण समोरच्या फाइलमधले आकडे त्याला वाचता येत नाहीत, संगणकाचा पडदा बघवत नाही. दुपारचे चार तास तो नावापुरता हजर. रजा अर्धी गेली आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाचं कामही झालं नाही. हीच तपासणी दुपारी तीनची घेतली असती, तर सकाळचे चार तास नीट काम झालं असतं आणि डोळ्यांना रात्रभर विश्रांती मिळाली असती. ज्याला फक्त सकाळची वेळ मिळते त्याने अशा तपासणीसाठी पूर्ण दिवसाचीच रजा घ्यावी, असं मी म्हणेन. आणि कोणतीही वेळ असो, थेंब घातल्यावर दुचाकी चालवत परत येऊ नये. कुणाला तरी सोबत न्यावं.

आता हिशेबाच्या बाजूला वळू. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा असते, म्हणजे १६ अर्धे दिवस. मधले रविवार आणि सुट्ट्या त्यात मोजल्या जात नाहीत. अर्जित रजा अर्ध्या दिवसाची मिळत नाही, त्यामुळे अर्ध्या दिवसाची सोय या आठ दिवसांतूनच करावी लागते. याच आठ दिवसांवर उशिराचाही भार पडतो. केंद्राच्या सूचनांनुसार उशिरा येण्याच्या प्रत्येक दिवसासाठी अर्धा दिवस नैमित्तिक रजा वजा होऊ शकते. एक तासापर्यंतचा उशीर, महिन्यातून दोनदापर्यंत, योग्य कारण असेल तर अधिकारी माफ करू शकतात. २०१४ पासून केंद्रीय कार्यालयांत आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी आली, तेव्हापासून आलो किती वाजता आणि गेलो किती वाजता याची नोंद तोंडी सांगण्यावर राहिलेली नाही.

या दोन गोष्टी एकाच दिवशी जुळून आल्या तर काय होतं ते बघा. महिन्यातल्या दोन माफ्या आधीच संपलेल्या आहेत. गुरुवारी लोकलच्या गोंधळामुळे कर्मचारी अकराला पोहोचला. अर्धा दिवस सकाळचा गेला. त्याच दिवशी त्याने दुपारच्या सत्राची रजा मंजूर करून घेतलेली होती. अकरा ते एक असं दोन तास काम करूनही त्याचा पूर्ण दिवस रजेत जमा होतो. अशा वेळी सकाळीच अधिकाऱ्यांना भेटून, दुपारचं काम पुढे ढकलता येत असेल तर लेखी विनंती करून दुपारची रजा रद्द करून घ्यावी. नाही जमलं, तर निदान आपला पूर्ण दिवस गेला हे त्याच दिवशी कळतं, डिसेंबरात धक्का बसत नाही.

अर्धा दिवस पूर्ण दिवसाला जोडला की सत्र लिहिणं आणखी गरजेचं होतं. "दि. १२ ते १३ मार्च, दीड दिवस रजा मिळावी" असा अर्ज घ्या. १२ मार्च २०२६ गुरुवार आहे, १३ ला शुक्रवार. हा दीड दिवस गुरुवारच्या दुपारपासून शुक्रवार संध्याकाळपर्यंत असू शकतो, किंवा गुरुवार पूर्ण आणि शुक्रवारची सकाळ असू शकतो. पहिल्या अर्थाने गुरुवारी सकाळी माणूस हजर असायला हवा. दुसऱ्या अर्थाने शुक्रवारी दुपारी. आस्थापना शाखेने एक अर्थ घेतला आणि अर्जदाराच्या मनात दुसरा असला, तर कुठल्यातरी एका सत्रात तो विनापरवानगी गैरहजर ठरतो. संगणकावर रजा भरतानाही हीच काळजी घ्यावी: सुरुवातीच्या तारखेला कोणतं सत्र आणि शेवटच्या तारखेला कोणतं, या दोन्ही जागा स्वतः निवडाव्यात, तिथे आधीपासून दिसणारा पर्याय आपलाच आहे असं गृहीत धरू नये. दोन तारखांच्या मधोमध अर्धा दिवस येऊ शकत नाही, तो नेहमी एका टोकालाच असतो, हे लक्षात ठेवलं की चूक होत नाही.

वर्षअखेरीला खात्यात शेवटचा अर्धा दिवस उरलेला असतो तेव्हाचा एक नियम फारसा कुणाला माहीत नसतो. नैमित्तिक रजा अर्जित वा अन्य नियमित रजेला जोडता येत नाही. त्यामुळे केवळ अर्धाच दिवस शिल्लक असलेल्याने तो दुपारच्या सत्रासाठी घेतला, तर दुसऱ्या कामाच्या दिवशी हजर होणं अपेक्षित असतं. आजारपण किंवा तसंच अटळ कारण आलं तर अपवाद म्हणून तो अर्धा दिवस नियमित रजेला जोडू देतात. म्हणजे बुधवारी ताप भरला, शेवटचा अर्धा दिवस दुपारसाठी टाकून घरी गेलो आणि गुरुवारी उठवेना, तर दार बंद नाही. पण त्याची लेखी विनंती करावी लागते. सकाळच्या सत्राची रजा घेऊन दुपारी हजर झाल्यास हा प्रश्न येत नाही, कारण दिवसाचा शेवट कामावरच होतो. डिसेंबरात अर्धा दिवस उरला असेल आणि दुसऱ्या दिवसाची खात्री नसेल, तर हे मनात ठेवून सत्र ठरवावं.

शुक्रवारी दुपारी निघून गावी जाणाऱ्यांसाठी एक जोड हवी. पाच दिवसांच्या आठवड्यात शुक्रवार दुपार, शनिवार आणि रविवार मिळून खात्यातून फक्त अर्धा दिवस जातो. पण शासकीय कर्मचाऱ्याला मुख्यालय सोडायला परवानगी लागते आणि ती रजेच्या परवानगीत आपोआप येत नाही. म्हणून त्याच अर्जात "शुक्रवार दुपारी १ वाजल्यापासून सोमवारी कार्यालय सुरू होईपर्यंत मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी" ही ओळ घालावी. इथेही वेळ लिहिली नाही तर परवानगी नेमकी कधीपासून धरायची हे कळत नाही.

खासगी नोकरीत असलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला ८ दिवस पगारी नैमित्तिक रजा दिली आहे आणि ती वर्षाअखेर न वापरल्यास संपते. अर्धा दिवस कुठे तुटतो हे मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या नियमाने ठरवते; काही ठिकाणी जेवणाची सुट्टी, काही ठिकाणी ठरावीक तास काम झालं की अर्धा दिवस हजेरी. कामाला लागल्यावर पहिल्या आठवड्यातच हे विचारून घ्यावं.

अर्ज कसा असावा, त्याचा एक नमुना देतो. विषयाच्या ओळीतच सत्र यावं, कारण टपाल पाहणारा सहसा तेवढीच ओळ वाचतो.

विषय : गुरुवार, दि. १२ मार्च २०२६ रोजी दुपारच्या सत्राची अर्धा दिवस नैमित्तिक रजा मिळणेबाबत.

महोदय,
वरील दिवशी डोळ्यांच्या तपासणीसाठी मला दुपारच्या सत्राची अर्धा दिवस नैमित्तिक रजा मिळावी, ही विनंती. मी त्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी हजर राहीन आणि दुपारी १ वाजता कार्यालय सोडेन. शुक्रवार, दि. १३ मार्च रोजी सकाळी नियमित वेळी कामावर हजर होईन. माझ्या खाती साडेतीन दिवस नैमित्तिक रजा शिल्लक आहे. गुरुवारी दुपारी येणारे टपाल शेजारच्या टेबलावरील सहकारी पाहतील, असे त्यांच्याशी बोलणे झाले आहे.

आपला विश्वासू,

'अर्धवेतनी रजा' असं चुकूनही लिहू नये. ती वेगळी रजा आहे, तिच्यात पगार अर्धा होतो आणि दिवस पूर्ण जातो. सकाळचं सत्र असेल तर नमुन्यातली मधली वाक्यं बदलतील: "सकाळच्या सत्रात गैरहजर राहीन, दुपारी दीड वाजता हजर होईन." सहकाऱ्याचा उल्लेख करण्याआधी त्याला खरोखर विचारावं, कागदावर परस्पर नाव घातलेलं कुणालाच आवडत नाही.

बेत बदलला तर काय? सकाळची रजा मंजूर झाली आणि आदल्या संध्याकाळी डॉक्टरांनी वेळ दुपारची केली, असं घडतं. मग नवा अर्ज करण्याऐवजी जुन्याच अर्जाचा संदर्भ देऊन "सकाळच्या सत्राऐवजी दुपारचे सत्र धरावे" अशी एक ओळ पाठवावी आणि तिला होकार मिळाला का ते पाहावं. नुसतं सकाळी येऊन बसलं तर हजेरीपटावर सकाळी रजा लागलेली असते, आणि दुपारी गेलेलं विनापरवानगी दिसतं. अचानक दुपारी बाराला घरून फोन आला तर अर्जाला वेळ नसतो. तेव्हा अधिकाऱ्यांना सांगून, हालचाल नोंदवही असेल तर तिच्यात निघण्याची वेळ लिहून जावं आणि दुसऱ्या दिवशी आल्याबरोबर दुपारच्या सत्राचा अर्ज द्यावा.

शेवटी एक विनंती अर्ज मंजूर करणाऱ्यांनाही आहे. सत्र न लिहिलेला अर्ज समोर आला तर त्यावर सही करू नका, "सकाळ की दुपार?" एवढं विचारा आणि उत्तर अर्जदाराच्याच हाताने त्या कागदावर लिहून घ्या.